घर हलवून झालं, आता अभिप्राय लिहायचाय: चूक नेमकी कुणाची, हे कसं ओळखावं

प्रश्न: जूनमध्ये आम्ही पुण्याहून बंगळुरूला दोन बीएचकेचं सामान हलवलं. ठरले होते ३८,००० रुपये, शेवटी भरले ६६,४३४. चार दिवसांत पोचवतो म्हणाले, नवव्या दिवशी गाडी आली. फ्रिजच्या एका बाजूला मोठा पोचा आहे, वरचा पुठ्ठा मात्र शाबूत होता. वॉर्डरोब पुन्हा नीट उभाच राहत नाही. पण पुण्यात पॅकिंगला आलेली मुलं फार चांगली होती, काचेचा एक पेलासुद्धा फुटला नाही. अभिप्राय लिहायचाय, पण रागाच्या भरात कुणावर अन्याय नको. काय तपासून लिहू?

उत्तर: मी सतरा वर्षं या धंद्यात आहे. आधी पॅकिंग सुपरवायझर होतो, आता घरी जाऊन सामानाचा सर्व्हे करतो. तुमच्या प्रश्नातच उत्तराचं टोक आहे. पेला फुटला नाही आणि फ्रिजला पोचा आला, या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, कारण ती कामं वेगवेगळ्या माणसांनी केलेली असतात. लेटरहेडवर कंपनी एकच दिसते, पण आत तीन वेगळे गट असतात. फोनवर भाव सांगणारा विक्रीवाला असतो, त्याला बुकिंगवर कमिशन. पॅकिंगची टोळी बहुधा रोजावर असते. आणि गाडी पुष्कळदा कंपनीची नसतेच, ती भाड्याची किंवा दुसऱ्या ट्रान्सपोर्टरची असते. ‘वाईट सेवा’ एवढंच लिहिलंत, तर पुढच्या माणसाला यातलं काही कळणार नाही. नेमकं कुठे बिघडलं ते लिहिलंत, तर त्याला काय विचारून घ्यायचं ते कळेल.

पहिल्यांदा दोन कागद काढा. एक बिल्टी, म्हणजे एलआर, ट्रान्सपोर्टरने माल ताब्यात घेतल्याची पावती, जी पुण्यात गाडी भरल्यावर तुम्हाला दिली असेल. दुसरा, बंगळुरूत माल उतरवताना ज्यावर सही घेतली तो पोचपावतीचा कागद. दोन्हींवर गाडीचा नंबर असतो. ते नंबर जुळतात का पाहा. पावतीवर नसेल तर गाडी उतरवताना काढलेल्या फोटोंमध्ये नंबरप्लेट शोधा, कुठे तरी सापडते.

नंबर वेगळे निघाले, आणि मला ती शक्यता दाट वाटते, तर तुमचा माल मध्ये पालटी झालाय, म्हणजे एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवलाय. पुणे ते बंगळुरू अंतर साधारण ८४० किलोमीटर. तुमचं एकट्याचं सामान भरून थेट निघालेली गाडी दुसऱ्या, फार तर तिसऱ्या दिवशी पोचते. नऊ दिवस लागतात ते पार्ट लोडला. पुण्यातून छोट्या गाडीने सामान गोदामात जातं, तिथे त्या दिशेची मोठी गाडी भरेपर्यंत पडून राहतं, मग चढतं, बंगळुरूच्या गोदामात उतरतं आणि पुन्हा छोट्या गाडीत चढून तुमच्या दारी येतं. थेट गाडीत सामानाला दोनदा हात लागतो, चढवताना आणि उतरवताना. पार्ट लोडमध्ये सहादा. गोदामातल्या हमालांनी तुमचं घर पाहिलेलं नसतं. फ्रिजवर पुठ्ठा गुंडाळला की त्यांच्या दृष्टीने तो एक चौकोनी नग.

पार्ट लोड घेणं हा काही गुन्हा नाही. दोन बीएचकेला अख्खी गाडी महाग पडते आणि पुष्कळ लोक समजून उमजून पार्ट लोड घेतात. प्रश्न एवढाच, की तुम्हाला तसं सांगितलं होतं का. कोटेशनमध्ये किंवा व्हॉट्सअॅपवर ‘डेडिकेटेड’, ‘फुल गाडी’, ‘डायरेक्ट’ यातला शब्द असेल आणि नंबर दोन निघाले, तर ती सरळ फसवणूक आहे आणि अभिप्रायात ती पहिल्या ओळीत यायला हवी. गाडीचा प्रकार लिहिलेलाच नसेल, तर ‘चार दिवसांची तारीख दिली, पार्ट लोड असल्याचं सांगितलं नाही’ इतकंच लिहा. चार दिवसांत पार्ट लोड पोचवू असं छातीठोकपणे सांगणाऱ्या विक्रीवाल्याला ते खोटं असल्याचं ठाऊक असतं. आम्ही पार्ट लोडला सहा ते दहा दिवस सांगतो, जूनमध्ये शाळा आणि बदल्यांच्या गर्दीत दोन वाढवून.

आता फ्रिज. पुठ्ठा शाबूत होता हे तुम्ही लिहिलंत, ते फार कामाचं आहे. गॅरेजमधला माणूस टायरची झीज बघून चाकाची चूक सांगतो, तसं आम्ही वेष्टन बघून सांगतो. पोचा आहे तिथेच पुठ्ठा फाटला किंवा चेचला असेल, तर वस्तू आपटली किंवा तिला काही तरी धडकलं, म्हणजे हमालीची चूक. सरळ रेषेत ओरखडा आणि पुठ्ठ्यावर दोराचा वळ असेल, तर गाडीत बांधताना मध्ये गादी किंवा घोंगडी न देता दोर आवळलाय. पुठ्ठा धड आणि आतला पत्रा बसलेला असेल, तर वस्तूवर बराच वेळ दाब आलाय. फ्रिजला खेटून कपाट किंवा दिवाण लावला आणि रस्त्यावरच्या प्रत्येक धक्क्याला तो त्याच जागी रेटत राहिला, तर असाच पोचा येतो. ही गाडी भरण्यातली चूक आहे. पुण्यातल्या मुलांनी फक्त फ्रिज गुंडाळला असेल आणि मोठी गाडी गोदामात भरली असेल, तर दोष त्यांचा नाही.

तरी एक प्रश्न त्यांच्याही वाट्याला येतो. फ्रिजवर नुसता कोरूगेटेड पुठ्ठ्याचा रोल होता, की आत बबल रॅप किंवा फोम शीटही होती? पुठ्ठ्याचा एक थर ओरखड्यापासून वाचवतो, दाबापासून नाही. माझ्या हाताखालच्या मुलांना मी सांगतो की फ्रिजला आधी फोम, मग बबल, चारी कडांना पुठ्ठ्याच्या घड्या आणि शेवटी बाहेरून पुठ्ठा. पार्ट लोड असेल तर लाकडी पट्ट्यांचा सांगाडाही मागावा. त्याचे पैसे वेगळे पडतात, पण सहा हात लागणाऱ्या वस्तूला दुसरं संरक्षण नाही. पॅकिंग चालू असताना काढलेले फोटो असतील तर त्यात थर दिसतील, ते बघूनच पॅकिंगबद्दल लिहा. काचेचे पेले नीट पोचले याचा अर्थ मुलांना डबे भरता येत होते: ताटल्या आडव्या न ठेवता उभ्या, पेल्यांत कागद, तळाला आणि वर चुरगळलेल्या कागदाचा थर, हलवला तर आवाज न होणारा खोका. हे कसब आहे आणि त्याचं श्रेय त्यांना नावाने नाही तरी ‘पुण्यातली पॅकिंग टीम’ म्हणून मिळायला हवं.

वॉर्डरोबच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला जरा थांबवतो. तो पार्टिकल बोर्डचा आहे का ते पाहा. ऑनलाइन आलेली, स्क्रू आणि गोल लॉकने जोडलेली बहुतेक कपाटं त्याचीच असतात. हा बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि डिंक दाबून केलेली फळी. पहिल्या जोडणीत स्क्रू पकड घेतो, उघडताना भोकातला भुसा सुटतो आणि दुसऱ्यांदा तोच स्क्रू नुसता फिरत राहतो. पावसाळ्यात ओल लागली की कडा फुगतात, दार लागत नाही. अशी कपाटं कुणीही कितीही सांभाळून खोलली तरी दुसऱ्या जागी पूर्वीसारखी उभी राहीलच असं नाही. चांगला सुपरवायझर हे सर्व्हेच्या वेळीच सांगतो: ‘हे विकून टाका, किंवा मोडलं तर आमच्यावर नको, तसं लिहून द्या.’ तुम्हाला असं कुणी सांगितलं नसेल, तर चूक सांगण्यात झाली आहे, हलवण्यात नसेलही. अभिप्रायात तेवढंच लिहा. प्लायवूडचं किंवा सागवानी असेल आणि तरी मोडलं, तर मग ती सरळ मोडतोड आहे.

हे मी अनुभवावरून बोलतोय. पूर्वी ज्या कंपनीत होतो तिथे एका कुटुंबाचं सामान नागपूरला जायचं होतं. फ्रंट लोड वॉशिंग मशीन होतं आणि ड्रम जखडणारे मागचे बोल्ट घरात सापडले नाहीत. ते बोल्ट न लावता मशीन लांबच्या प्रवासाला पाठवायचं नसतं, हे मला माहीत होतं. गाडी निघायची घाई होती म्हणून मी गप्प बसलो. नागपूरला पहिल्याच धुण्यात ड्रम बाजूला आपटायला लागला. बाईंनी लिहिलं की ‘पॅकिंग खराब’. पॅकिंग उत्तम होतं. मी तोंड उघडलं नाही हा दोष होता, आणि तो त्या शब्दांत कुणी लिहिला असता तर कंपनीला माझ्यासारख्यांना शिकवावं लागलं असतं. त्यानंतर बोल्ट नसतील तर मी कागदावर ग्राहकाची सही घेतल्याशिवाय मशीन उचलू देत नाही.

आता बिल, कारण रागाचं खरं मूळ तिथे आहे. तुम्ही सांगितलेला ६६,४३४चा आकडा मी उलटा मोजला. बिलात या ओळी असतील असं धरतो, तुमच्याकडच्या कागदाशी ताडून घ्या: मूळ भाडं ३८,०००, जादा माल ५,०००, जिन्याने चढवणे २,५००, तीन लाखांवर तीन टक्के इन्शुरन्स ९,०००, जकात आणि एंट्री टॅक्स १,८००. बेरीज ५६,३००. त्यावर १८ टक्के जीएसटी १०,१३४. एकूण ६६,४३४.

‘३८,०००चे ६६,००० केले’ असं लिहायचा मोह होईल, पण ते टिकणार नाही. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात ‘टॅक्स एक्स्ट्रा’ असेल, तर तुमचा खरा ठरलेला आकडा ३८,००० अधिक कर ६,८४०, म्हणजे ४४,८४०. तुलना इथून सुरू करा. जिन्याचे पैसे योग्य आहेत की नाही हे एकाच गोष्टीवर ठरतं: नव्या सोसायटीत सामानाला लिफ्ट वापरू देत नाहीत हे तुम्ही आधी सांगितलं होतं का? नसेल सांगितलं, तर चार मजले फ्रिज पाठीवर नेणाऱ्या माणसांचे ते पैसे आहेत. करासकट २,९५०. ते धरून ४७,७९०.

जादा मालाच्या ५,०००चा निवाडा सर्व्हेची यादी आणि पॅकिंग लिस्ट शेजारी ठेवून होतो. खोक्यांची संख्या मोजू नका. लहान खोके वापरले की संख्या वाढते, माल तेवढाच राहतो. मोठ्या वस्तू बघा. सर्व्हेनंतर सायकल, ट्रेडमिल, बाल्कनीतल्या कुंड्या, आईंची लोखंडी कॉट असं काही वाढलं होतं का? वाढलं असेल तर पैसे मागणं रास्त आहे. पण मागायची वेळ कुठली? पुण्यात गाडी भरताना, जेव्हा तुम्ही ‘कुंड्या राहू द्या’ म्हणू शकता. बंगळुरूत दारात गाडी उभी करून, ‘पैसे दिल्याशिवाय माल उतरणार नाही’ म्हणून मागितले असतील, तर माल खरोखर वाढला असला तरी वागणूक अप्रामाणिक आहे. अभिप्रायात ‘कधी सांगितलं’ हा शब्दप्रयोग जरूर ठेवा. माझ्या मते बिलाचा प्रामाणिकपणा रकमेपेक्षा याच एका गोष्टीत दिसतो.

जकातीची ओळ मात्र सरळ खोटी आहे, तिथे शंकेला जागाच नाही. महाराष्ट्रात जकात शेवटी मुंबईत उरली होती, तीही १ जुलै २०१७ला जीएसटी आल्यावर गेली. एंट्री टॅक्सही त्याच वेळी जीएसटीत विरला. घरातल्या वापरलेल्या सामानाला ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखाली माल वाहतुकीसाठी काढतात तो कागदसुद्धा लागत नाही, त्यामुळे ‘ई-वे चार्ज’ असं काही लावलं असेल तर तेही त्याच माळेतलं. करासकट २,१२४ रुपये. रक्कम लहान आहे, पण २०१७नंतर जकात लावणारा हिशेबनीस चुकून लावत नाही. अभिप्रायात ही ओळ जशीच्या तशी उतरवा.

इन्शुरन्सच्या नऊ हजारांत खरी मेख आहे. तुमच्याकडे विमा कंपनीचं सर्टिफिकेट आहे का? त्यावर विमा कंपनीचं नाव, सर्टिफिकेट किंवा पॉलिसी नंबर, तुमचं नाव आणि मालाची किंमत असायला हवी. नंबर मिळाला तर थेट विमा कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून तो खरा आहे का विचारा, मूव्हर्सला नव्हे. मूव्हर्सच्या बिलावर नुसती ‘इन्शुरन्स ३%’ ही ओळ म्हणजे विमा नव्हे. काही जण तिथे ‘एफओव्ही’ किंवा ‘कॅरियर रिस्क’ लिहितात. त्याचा अर्थ नुकसान झालं तर मूव्हर स्वतः भरून देईल असं त्याचं वचन, आणि ते वचन कोणत्या अटींवर आहे ते बिल्टीच्या मागे छापलेलं असतं. सर्टिफिकेट नसेल तर लेखी मागा. आठवडाभरात मिळालं नाही, तर करासकट १०,६२० रुपये कशाचे घेतले हा प्रश्न तुम्ही अभिप्रायात उघड विचारू शकता. सर्टिफिकेट असेल, तर फ्रिजचा दावा लगेच नोंदवा, पुढे ढकलू नका. विमा बाहेर दिसणारी मोडतोड भरून देतो. वरून धड दिसणारा टीव्ही आतून बिघडला तर बहुतेक पॉलिसी हात वर करतात. आणि तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यातलं काही फुटलं, तर तेही सहसा धरत नाहीत.

जीएसटीचे १०,१३४ सरकारकडे गेले की नाही याची अर्धी तपासणी तुम्ही घरबसल्या करू शकता. बिलावरचा पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर services.gst.gov.in वर करदात्याच्या शोधात टाका. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९. नाव बिलावरच्याच कंपनीचं आहे का, नोंदणी चालू आहे का ते बघा. तिथे ‘कंपोझिशन’, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोपी कर योजना, दिसलं, तर त्या व्यापाऱ्याला ग्राहकाकडून कर घेण्याचा अधिकारच नाही. नाव वेगळंच निघालं, तर नावाजलेल्या कंपनीशी मिळतंजुळतं नाव लावून धंदा करणाऱ्यांपैकी कुणाशी तरी तुमची गाठ पडलीय.

लिहायच्या आधी एक काम करून ठेवा. २००७च्या कॅरेज बाय रोड कायद्याप्रमाणे ट्रान्सपोर्टरवर दावा करायचा असेल, तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत नुकसानीची लेखी नोटीस जायला हवी. जूनचं बुकिंग असेल तर डिसेंबर उजाडायची वाट बघू नका. पोचपावतीवर ‘माल चांगल्या स्थितीत मिळाला’ याखाली तुमची सही असेलच, कारण ती खोके उघडायच्या आधीच घेतात. त्याने हक्क संपत नाही, बाजू कमजोर होते, म्हणून त्या दिवशीचे फोटो तारखेसह जपा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

आणि मग असं काही लिहा. मी तुमच्या जागी असतो तर हे लिहिलं असतं:

‘जून, पुणे ते बंगळुरू, दोन बीएचके. पुण्यातल्या टीमचं पॅकिंग उत्कृष्ट, काचेचं काहीही फुटलं नाही. चार दिवस सांगून नवव्या दिवशी माल आला. बिल्टीवरची आणि दारात आलेली गाडी वेगळी होती, पार्ट लोड असल्याचं सांगितलं नव्हतं. फ्रिजला दाबाने पोचा, वेष्टन शाबूत. पार्टिकल बोर्डचं कपाट पुन्हा उभं राहिलं नाही, याची कल्पना आधी दिली नव्हती. करासह ४४,८४० ठरले, ६६,४३४ घेतले. त्यातले जिन्याचे २,९५० मला मान्य आहेत. जादा मालाचे पैसे माल उतरवायच्या दिवशी सांगितले. १,८०० जकात आणि एंट्री टॅक्स म्हणून लावले, जे आज अस्तित्वात नाहीत. इन्शुरन्सचे ९,००० घेतले, सर्टिफिकेट अमुक तारखेला मागितलं, अजून मिळालेलं नाही.’

यातली प्रत्येक ओळ कागदाने सिद्ध करता येते, म्हणून कंपनीच्या वकिलाची नोटीस आली तरी घाबरायचं कारण राहत नाही. ‘चोर’, ‘लुटारू’ असा एक शब्द घातलात की ती ताकद जाते. नंबर वेगळे निघाले नाहीत, किंवा बिलातल्या ओळी मी धरल्या त्याहून वेगळ्या असल्या, तर त्याप्रमाणे वाक्यं बदला. माझा अंदाज तुमच्या कागदांपेक्षा मोठा नाही. बिलाचा फोटो जोडाल तेव्हा तुमचा पत्ता, फोन आणि पॅकिंगच्या मुलांची नावं झाका.

सामान उतरताच सुपरवायझर ‘सर, पाच स्टार टाका ना, आत्ताच टाका’ म्हणून फोन पुढे करतो. तसे टाकले असतील तर संकोच न करता बदला. त्या मुलांना अनेकदा त्या ताऱ्यांवर पन्नास-शंभर रुपये मिळतात, त्यांना तेवढे तुम्ही हातात द्या. अभिप्राय मात्र दहा-बारा दिवसांनी लिहावा, फ्रिज नीट थंड होतोय, मशीन धुतंय, टीव्हीच्या पडद्यावर रेघ नाही एवढं पाहून. कंपनीने पुढे सर्टिफिकेट दिलं किंवा जकातीचे पैसे परत केले, तर तेही खाली तारीख घालून जोडा. सर्व्हेला गेलो की आजकाल ग्राहक मला असे अभिप्राय फोनवर दाखवतात आणि विचारतात, ‘तुमची गाडी मध्ये बदलणार का?’ पाच वर्षांपूर्वी हा प्रश्न मला कुणी विचारत नव्हतं.